मीटिंगची समरी ग्रुपवर कशी टाकायची: निर्णय, नाव, तारीख (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बाणेर, हिंजवडी, खराडी, भोसरी, कुठल्याही ऑफिसातल्या माणसाशी बोला, रडगाणं एकच असतं की मीटिंग झाली, सगळे हो हो म्हणाले आणि आठवड्याने कळलं की काम कोणीच केलं नाहीये. त्यावर लोक सारखे जे प्रश्न पाठवतात ते इथे एकत्र केलेत. पहिले पाच नीट वाचा, पुढचे अडलं की बघा. उदाहरणातली नावं नमुन्यादाखल आहेत.

१. समरी म्हणजे मिनिट्सच ना? मग वेगळं काय लिहायचं?

नाही. मिनिट्समध्ये कोण काय म्हणालं ते येतं, ती फाइलला लावायची गोष्ट. चॅटवरची समरी वाचणारा माणूस मेट्रोत उभा असतो नाहीतर दुसऱ्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून बसलेला असतो, त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: काय ठरलं, माझ्या नावावर काय आहे, कधीपर्यंत. तो आधी स्वतःचं नाव शोधतो आणि मग जमलं तर बाकीचं वाचतो, त्यामुळे समरीची सगळी मांडणी याच क्रमाने करायची. चर्चा कशी झाली, कोणाचा मुद्दा चांगला होता, हे यात घ्यायचं नाही. एखाद्या निर्णयामागचं कारण पुढे लागणार असेल तर त्या ओळीत चार-पाच शब्दांत टाका, बास.

२. एक खरा नमुना दाखवा ना, नुसते नियम नकोत.

समजा टीम एका डेंटल क्लिनिकच्या चेनसाठी अपॉइंटमेंटचं अ‍ॅप करतेय आणि मंगळवारी ४ वाजता पेशंटला जाणाऱ्या एसेमेसवर मीटिंग झाली. त्यात झालेलं बोलणं साधारण असं होतं, यातलं डीएलटी म्हणजे एसेमेसचा मजकूर आधी मंजूर करून घ्यायचं टेलिकॉम कंपनीचं पोर्टल: "सगळ्या शाखांना एकदम नको, कोथरूड आणि औंधला करून बघू." "मेसेज दोन तास आधी जाऊन उपयोग काय, माणूस ऑफिसातून निघणार कसा, आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला जाऊ दे." "टेम्प्लेट डीएलटीवर टाकायचंय अजून." "हो ते तृप्ती बघेल." "आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पण पाठवता येईल की." "हां, छान होईल ते." "शाखांच्या वेळा क्लायंटकडून आल्या का?" "सर बोलतील त्यांच्याशी." "टेस्टिंग?" "मंदार आणि मी करून टाकू."

ह्यातून ग्रुपवर जायला हवं ते हे:

```
*एसेमेस रिमाइंडर, मंगळ ९ जून: ३ कामं, १ प्रश्न उघडा*

*ठरलं*
क. सुरुवात फक्त कोथरूड आणि औंध शाखेत
ख. एकच मेसेज, आदल्या दिवशी संध्याकाळी ६ ला

*कामं*
१. @तृप्ती: डीएलटीवर टेम्प्लेट सबमिट करणार, बुध १० जून दु. १२
२. @मंदार: ५ नंबरांवर टेस्ट करून निकाल इथे टाकणार, शुक्र १२ जून सं. ५
३. @सर: दोन्ही शाखांच्या वेळा क्लायंटकडून घेणार, सोम १५ जून स. ११

*उघडं*
व्हॉट्सअ‍ॅपवर पण पाठवायचं का? सर सोमवारच्या कॉलला ठरवणार
```

आता मूळ बोलण्याशी ताडून बघा. "तृप्ती बघेल" चं "सबमिट करणार" झालं, कारण बघणं हे काम झालं की नाही ते कधीच सांगता येत नाही, सबमिट झालं की नाही ते सांगता येतं. "मंदार आणि मी" मधला "मी" गेला (प्रश्न ४ बघा). मीटिंगमध्ये तारीख कोणीच दिली नव्हती, त्या कुठून आल्या ते प्रश्न ६ मध्ये आहे. आणि "छान होईल ते" हा निर्णय नाही म्हणून व्हॉट्सअ‍ॅप खाली "उघडं" मध्ये गेलं.

पहिल्या ओळीत विषय आणि कामांचा आकडा मुद्दाम आहे. फोनवर नोटिफिकेशनमध्ये तेवढंच दिसतं, आणि "कालच्या मीटिंगची समरी" असं लिहिलंत तर दोन महिन्यांनी शोधताना तसले चाळीस मेसेज सापडतील. कामांना नंबर दिलेत म्हणजे लोकांना "२ झालं" एवढाच रिप्लाय देता येतो, निर्णयांना क-ख दिलंय म्हणजे दोघांची गल्लत होत नाही.

३. निर्णय झाला की नुसती चर्चा झाली, हे ओळखायचं कसं?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे आणि समऱ्या गंडतात त्या इथेच, फॉरमॅटमुळे नाही.

माझी कसोटी साधी आहे. त्या ओळीवरून उद्या कोणी काम सुरू केलं आणि दुसरा म्हणाला "अरे थांब, हे कुठे ठरलं होतं", तर पहिल्याकडे दाखवायला काही आहे का? म्हणजे ज्याला ठरवायचा अधिकार आहे तो माणूस "हो, असंच करू" असं स्पष्ट बोलला का? नसेल बोलला तर तो निर्णय नाही. आपल्याकडे मीटिंगमध्ये लोक थेट नाही म्हणत नाहीत. "बघू", "चालेल की", "करता येईल", "हरकत नाही तशी", हे सगळे होकारासारखे वाटतात आणि त्यातले निम्मे नकार असतात. विशेषतः "तशी" लागलं की सावध व्हा.

शांतता हाही होकार नाही. कोणीतरी काहीतरी सुचवलं, दोन सेकंद कोणी बोललं नाही आणि विषय पुढे गेला, तर ते "उघडं" मध्ये टाका आणि समोर कोण ठरवणार, कधी ठरवणार ते लिहा. "उघडं" मधल्या ओळीलाही नाव आणि दिवस लागतोच, नाहीतर तो प्रश्न तिथेच म्हातारा होतो.

मीटिंगमध्येच असाल तर याहून सोपं म्हणजे तिथेच विचारणं: "मग मी हे ठरलं म्हणून लिहू का?" ह्या एका वाक्याने खरी चर्चा सुरू होते कधी कधी, आणि वैताग येतो लोकांना, पण ते आत्ता झालेलं बरं.

४. एका कामाला दोन ओनर लिहिले तर काय बिघडतं? काम तर दोघं मिळूनच करणार आहेत.

काम दोघांनी करा, पाच जणांनी करा, ओळीत नाव एकच. दोन नावं असली की पहिला समजतो दुसरा करतोय आणि दुसरा समजतो पहिला करतोय, आणि शुक्रवारी दोघंही खरंच निष्पाप चेहऱ्याने "मला वाटलं तू करतोयस" म्हणतात. ओनर म्हणजे ज्याला आपण शुक्रवारी पाच वाजता विचारणार तो. मदतीला कोण आहे ते ओळीच्या शेवटी "सोबत फैजान" असं लिहिता येतं, पण त्याला टॅग करायचं नाही, टॅग फक्त ओनरला.

"टीम", "क्यूए", "बॅकएंडवाले", "आपण सगळे" हे ओनर नाहीत. काम खरंच प्रत्येकाने करायचं असेल, उदाहरणार्थ सगळ्यांनी आपापली सुट्टी शीटमध्ये भरायची, तर ओनर तो जो शुक्रवारी शीट उघडून कोणी भरलं नाही ते बघणार.

५. डेडलाइन लिहिताना वार पुरतो ना? तारीख, वेळ सगळं कशाला?

वार, तारीख, वेळ तिन्ही लिहा, फार तर सात-आठ अक्षरं जास्त होतात. वार आणि तारीख दोन्ही असले की एक चुकलं तरी लगेच लक्षात येतं, कोणीतरी लिहितंच की "अरे १२ ला शुक्रवार आहे, गुरुवार नाही".

आपल्या भाषेतले खास खड्डे तीन. "परवा" मागचाही असतो आणि पुढचाही, शिवाय मेसेज उद्या वाचला तर तो परवा राहतच नाही, "उद्या" चंही तेच. "पुढच्या शुक्रवारी" म्हणजे ह्या आठवड्यातला की त्यानंतरचा, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. आणि "शुक्रवारी रात्री १२ पर्यंत" म्हणजे गुरुवार संपतानाचे १२ की शुक्रवार संपतानाचे, हे विचारायला कोणी थांबत नाही. म्हणून रात्री १२ लिहूच नका, ११ लिहा.

"ईओडी" पण टाळा. इथल्या माणसाचा दिवस साडेसहाला संपतो, काहींचा रात्री दहाला. क्लायंट न्यू जर्सीत असेल तर मजाच: उन्हाळ्यात ते आपल्या साडेनऊ तास मागे, म्हणजे त्यांचे शुक्रवारचे संध्याकाळचे ६ हे आपले शनिवार पहाटेचे साडेतीन. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत फरक साडेदहा तास होतो, त्यामुळे आधी जुळलेलं गणित अचानक तासाने हुकतं. असा कोणी ग्रुपवर असेल तर वेळेपुढे "आपली वेळ" असं लिहाच.

अजून एक पुणेरी गोष्ट. भोसरी, चाकणकडच्या बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तिकडच्या माणसाकडून काही यायचंय आणि तुम्ही गुरुवार लिहिलात तर ते शुक्रवारीच येणार, आणि तुमचा शनिवार-रविवार मध्ये आला की थेट सोमवार. तारीख टाकताना काम ज्याच्याकडून यायचंय त्याचं कॅलेंडर बघायचं.

६. मीटिंगमध्ये तारीख कोणी बोललंच नाही. मी माझ्या मनाने टाकू का?

टाका, पण ती तुमच्या मनातली आहे हे दिसू द्या. तारखेपुढे प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि समरीच्या खाली एक ओळ: "? असलेल्या तारखा मी टाकल्यात, जमत नसेल तर बुध १० जून स. ११ च्या आत बदलून सांगा." वरच्या नमुन्यातल्या तारखा अशाच आल्या होत्या, लोकांनी हो म्हटल्यावर प्रश्नचिन्हं काढली. रिकामी जागा सोडली तर ती रिकामीच राहते, पण एक तारीख दिसली की माणूस निदान भांडायला तरी येतो, "१० ला शक्यच नाही, ११ कर", आणि तारीख मिळते.

प्रश्नचिन्ह न टाकता स्वतःची तारीख ठोकून देऊ नका. एकदा दोनदा खपून जातं, मग लोक तुमच्या समरीतल्या सगळ्याच तारखा "त्याने आपल्याच मनाने लिहिल्यात" म्हणून सोडून देतात.

७. जो माणूस मीटिंगला नव्हता त्याच्या नावावर काम टाकलं तर चालेल का?

थेट ग्रुपवर नाही. आधी त्याला फोन किंवा पर्सनल मेसेज करा, "तुझ्या नावावर हे येतंय, शुक्रवार जमेल का", आणि हो आलं की मग टाका. तो सापडत नसेल आणि समरी थांबवता येत नसेल तर ओनर म्हणून मीटिंगमधल्याच कोणाचं तरी नाव, कामही वेगळं: "केतकी: फैजानला विचारून तारीख कळवणार, बुध १० जून सं. ४". म्हणजे त्या ओळीला आत्तापासून एक जिवंत मालक आहे. न विचारता नाव टाकलेल्या माणसाने मेसेज वाचून गप्प बसणं हा होकार नसतो, प्रश्न ३ मध्ये आहे तेच.

८. सर किंवा मॅडमच्या नावावर काम कसं लिहू? आगाऊपणा वाटतो.

वाटतो खरा. पण त्यांची ओळ गाळली की नेमकं त्यांच्याकडेच काम अडकतं आणि कोणी विचारायला धजत नाही. उपाय भाषेतच आहे: कामं "कर" किंवा "करा" असं न लिहिता सगळ्यांसाठी "करणार" लिहा. "तृप्ती सबमिट करणार", "सर वेळा घेणार". अरे-तुरे की अहो-जाहो हा घोळच उरत नाही, हुकूम दिल्यासारखंही वाटत नाही, आणि कालच लागलेला मुलगा आणि डायरेक्टर एकाच यादीत शेजारी नांदतात. पाठवायच्या आधी सरांना "सर, सोमवार ११ लिहू ना?" असं विचारून घेतलं की झालं.

९. काम बाहेरच्या कोणावर अवलंबून असेल तर डेडलाइन कशाची लिहायची?

जे ओनरच्या हातात आहे त्याची. डीएलटीचंच घ्या. कंपनीकडून जाणाऱ्या एसेमेसचा टेम्प्लेट आधी टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि पाठवलेला मजकूर त्याच्याशी जुळला नाही तर मेसेज पुढे जातच नाही. ही मंजुरी तृप्तीच्या हातात नाही. "तृप्ती: टेम्प्लेट मंजूर, शुक्रवार" असं लिहिलं तर शुक्रवारी ती म्हणणार "मी टाकलंय, त्यांच्याकडून आलं नाही", आणि तिचं बरोबरच असणार.

म्हणून दोन ओळी करायच्या: "सबमिट करणार, बुध दु. १२" आणि "मंजुरीचं स्टेटस इथे टाकणार, शुक्र स. ११, न आल्यास केतकीला फोन". दुसऱ्या ओळीत मंजुरीचं आश्वासन नाही, फक्त शुक्रवारी सगळ्यांना खरी परिस्थिती कळेल एवढंच आहे, आणि टीमला पुढचं ठरवायला तेवढंच लागतं. नमुन्यात जागेसाठी एकच ओळ ठेवली होती. मंदारचं टेस्टिंग मंजुरीवर अडणार असेल तर त्याच्या ओळीत "१ ची मंजुरी आल्यावर" हेही लिहा, नाहीतर तो शुक्रवारी नुसता बसून राहील आणि तारीख चुकली म्हणून बोलणी खाईल.

१०. समरी कोणी लिहायची आणि कधी?

मीटिंग सुरू व्हायच्या आधी ठरवा कोणी. शक्यतो जो सगळ्यात जास्त बोलणार आहे त्याने नाही, त्याला फक्त स्वतःचं ऐकू येतं. शेवटची पाच मिनिटं राखून लिहिलेल्या ओळी मोठ्याने वाचा, लोक तिथेच दुरुस्त करतात. मग तासाभरात ग्रुपवर. दुसऱ्या दिवसावर गेलं की प्रत्येकाची आठवण आपापल्या सोयीने वळलेली असते.

११. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की सगळं एकत्र चिकटतं, ठळक पण होत नाही. काय करू?

ठळक करायला शब्दाच्या दोन्ही बाजूला `*` लागतो आणि आत स्पेस चालत नाही, `*ठरलं*` चालेल पण `* ठरलं *` नाही. ठळक फक्त मथळे करा, सगळंच ठळक केलं की काहीच दिसत नाही. भागांमध्ये एक रिकामी ओळ सोडा. एक्सेलमधून टेबल चिकटवू नका, फोनवर त्याची रांगोळी होते. मेसेज फार लांबला तर पुढचा भाग "आणखी वाचा" च्या मागे जातो, आणि ज्याचं नाव तिथे गेलं त्याने ते वाचलं नाही असं समजा. सात-आठ कामांच्या वर गेलं तर शीट करा आणि ग्रुपवर फक्त ह्या आठवड्याची कामं टाका. मेसेज पिन करता येतो, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस, त्यातला ७ दिवसांचा बहुतेक वेळा पुरतो.

१२. समरी टाकली आणि कोणीतरी म्हणालं "मी असं बोललोच नव्हतो". आता?

ग्रुपवर वाद घालू नका, कोण काय बोललं ते सिद्ध करणं हा मुद्दाच नाही. "मग आता काय धरायचं?" एवढं विचारा, उत्तर आलं की बदल करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून १५ मिनिटंच एडिट करता येतं. स्लॅकवर नंतरही सहसा करता येतं, पण एडिट करताना नवीन टॅग केलेल्या माणसाला नोटिफिकेशन जात नाही, म्हणजे ओनर बदलला आणि नुसतं एडिट केलं तर नव्या ओनरला पत्ताच नसतो. त्यामुळे टायपिंगची चूक असेल तर एडिट, पण नाव, तारीख किंवा निर्णय बदलला तर जुन्या मेसेजला रिप्लाय करून नवीन ओळ: "बदल, काम २: मंदार ऐवजी @फैजान, तारीख तीच". जुनी ओळ पुसू नका.

१३. ठरलेला निर्णय आठवड्याने फिरला तर जुन्या समरीचं काय?

जे प्रश्न १२ मध्ये, तेच, फक्त सोबत कारण लिहा आणि त्या निर्णयावर उभी असलेली कामं सांगा. "बदल, निर्णय ख: मेसेज संध्याकाळी ६ ऐवजी सकाळी १० ला, क्लिनिकला फोन उचलायला तेव्हा माणूस असतो. काम २ परत करावं लागेल, नवी तारीख मंदार आज सं. ५ पर्यंत सांगणार." नुसतं "वेळ बदलली" लिहिलं की मंदारची टेस्ट जुन्या वेळेवरच पास झालेली राहते.

१४. ग्रुपवर क्लायंट पण आहे. सगळं टाकायचं का?

नाही. पैसे, कोणाचा राजीनामा, कोणाच्या कामाबद्दलची तक्रार, हे त्या ग्रुपवर जात नाही, कामाच्या ओळीत आडून पण नाही. "मंदारला वेळ लागतोय म्हणून फैजान सोबत" यातला पहिला अर्धा कशाला हवाय? दोन समऱ्या करायच्या असतील तर आतली आधी लिहा आणि तिच्यातून ओळी उचलून बाहेरची करा, पण तारखा दोन्हीकडे त्याच. आत १२ आणि बाहेर १५ असं "सेफ साइड" ठेवलं की कोणीतरी चुकून एकाचा स्क्रीनशॉट दुसरीकडे टाकतोच.

१५. तासभर मीटिंग झाली आणि काहीच ठरलं नाही. मग समरी टाकायचीच नाही का?

टाकायची, दोन ओळींची. "एसेमेस रिमाइंडर, मंगळ ९ जून: काही ठरलं नाही. अडलंय ते शाखांच्या वेळांवर, त्या सर सोम १५ जून स. ११ ला आणणार, त्यानंतरच पुढची मीटिंग." ओढून ताणून "चर्चा सकारात्मक झाली" वगैरे लिहू नका. काही लोकांना राग येतो "काही ठरलं नाही" वाचून, पण जे मीटिंगला नव्हते त्यांना एवढंच कळायला हवं असतं की अजून कामाला हात लावायचा नाहीये. आणि मीटिंग कशावर अडली तेही सांगता येत नसेल तर पुढची मीटिंग लावायच्या आधी ज्याने ही बोलावली होती त्याला फोन करून विचारा, त्याला नक्की काय ठरवून हवं होतं ते.